मसाल्याच्या पाकिटावर आणि दुकानाच्या पाटीवर नाव छापण्यापूर्वी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरगुती मसाले, मेतकूट, चटण्या आणि लोणची करणाऱ्या लहान उद्योगांसाठी लेबले तयार करताना जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. समजण्यास सोपे जावे म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरले आहे. सातारा जिल्ह्यातील एक गृहउद्योजिका गोडा मसाला आणि कांदा-लसूण मसाला विकते आणि तिच्यापुढे ‘घरची चव’, ‘वैल’ आणि ‘उखळ’ अशी तीन नावे आहेत, असे धरून चालू. उदाहरण आणि त्यातील आकडे कल्पित आहेत. ही नावे कोणी आधीच वापरत असण्याची शक्यता आहे, त्यामुळे ती तशीच उचलू नयेत.

“हे नाव कसे वाटते?” असे विचारले तर काय बिघडते?

या प्रश्नाला आपल्याकडे बहुधा “छान आहे” असेच उत्तर मिळते. विचारणाऱ्याने उत्साहाने काही सुरू केले आहे, हे समोरच्याला दिसत असते आणि त्याचे मन मोडावे असे कोणाला वाटत नाही. शिवाय ग्राहक दुकानात उभा राहून नावाला गुण देत नसतो. तो नाव ऐकतो, लक्षात ठेवतो, दुसऱ्याला सांगतो, मोबाइलवर टाइप करतो आणि पुढच्या महिन्यात दुकानदाराकडे ते मागतो. चाचणी या कृतींची घ्यायची असते. म्हणून आवड विचारण्याऐवजी समोरच्याला काहीतरी करायला सांगावे आणि त्याने काय केले ते जसेच्या तसे लिहून ठेवावे.

मग मित्रमंडळी आणि नातेवाईक यांना विचारूच नये का?

जरूर विचारावे, परंतु दोष शोधण्यासाठी विचारावे. निवड त्यांच्यावर सोपवू नये. मावशी, शेजारी, जुना वर्गमित्र अशा पाच-सहा जणांना एवढेच सांगावे, की “या नावात काही वावगे ऐकू येते का, याच्याशी जुळणारा एखादा अपशब्द किंवा चिडवण्याचा शब्द आठवतो का, आणि तुमच्याकडे या शब्दाचा दुसरा काही अर्थ आहे का, ते शोधून काढा.” चूक काढण्याचेच काम दिले, की संकोच संपतो. त्यातही वयाने आणि गावाने वेगवेगळी माणसे निवडावीत, कारण विदर्भातील, कोकणातील आणि बेळगावकडील माणसाच्या कानाला एकच शब्द निरनिराळा लागू शकतो.

माल महाराष्ट्राबाहेर जाणार असेल, तर हिंदी किंवा कन्नड घरात वाढलेली एक-दोन माणसेही त्यांत असावीत. ‘शिक्षा’ आणि ‘चेष्टा’ हे शब्द हिंदीत शिक्षण आणि प्रयत्न या अर्थांनी येतात, तर मराठीत त्यांचे अर्थ किती वेगळे आहेत हे आपण जाणतोच. असा फरक उलट्या दिशेनेही निघू शकतो आणि तो शब्दकोशापेक्षा त्या भाषेत रोज बोलणाऱ्याकडून लवकर कळतो.

फोनवरची चाचणी कशी घ्यावी?

माझ्या मते सर्वांत आधी हीच चाचणी घ्यावी, कारण तिला खर्च नाही आणि सर्वांत मोठे दोष तिच्यातच उघडे पडतात. आपला व्यवसाय ज्यांना माहीत नाही अशी सुमारे चोवीस माणसे मिळवावीत. ओळखीच्यांच्या ओळखीची माणसे चालतात. त्यांचे आठ-आठ जणांचे तीन गट करावेत आणि एका माणसाला एकच नाव सांगावे. तिन्ही नावे एकाच माणसापुढे ठेवली, की तो तुलना करू लागतो आणि खऱ्या ग्राहकापुढे अशी तुलना कधीच नसते.

फोन आपण न करता दुसऱ्या कोणाला करायला सांगावा आणि त्याने नेहमीच्या बोलण्याच्या वेगात एकदाच म्हणावे: “मी अमुक नावाचा मसाला आणला, चांगला आहे.” मग ऐकणाऱ्याला ते नाव कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवायला सांगावे. नाव पुन्हा उच्चारू नये आणि अक्षरे फोडून सांगू नयेत.

आपल्या उदाहरणात ‘घरची चव’ आठही जणांनी बरोबर लिहिले. ‘उखळ’ सात जणांनी बरोबर लिहिले आणि एकाने ‘उकळ’ लिहिले. ‘वैल’ मात्र दोघांनीच बरोबर लिहिले. पाच जणांनी ‘वेल’ लिहिले आणि एकाने ‘बैल’. चुलीला जोडलेल्या दुसऱ्या चुलाण्याला वैल म्हणतात, हे ज्यांनी चुलीवरचा स्वयंपाक पाहिला आहे त्यांना माहीत असते. मुख्य चुलीची धग वैलावर येते आणि तिथे ठेवलेली आमटी मंद शिजत राहते. मसाल्यासाठी हा शब्द फार सुंदर आहे. पण जो शब्द कानाला परका झाला आहे, त्याच्या जागी कान ओळखीचा शब्द बसवतो. अशा वेळी अर्थ समजावून सांगण्याचा मोह होतो आणि तोच टाळावा, कारण प्रत्येक ग्राहकाला अर्थ समजावण्यासाठी आपण तिथे असणार नाही.

‘घरची चव’ सर्वांनी बरोबर लिहिले, तर तेच नाव का घेऊ नये?

कारण ऐकू येणे आणि आठवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन दिवसांनी त्याच चोवीस जणांना पुन्हा फोन करून फक्त इतके विचारावे: “परवा एका मसाल्याचे नाव सांगितले होते, ते काय होते?” पर्याय देऊ नयेत आणि पहिले अक्षरही सुचवू नये. उत्तर जसे येईल तसे लिहून घ्यावे.

उदाहरणातील आठांपैकी दोघांनाच ‘घरची चव’ नेमके आठवले. बाकीच्यांनी ‘घरगुती चव’, ‘घरचा स्वाद’, ‘आईची चव’ अशी उत्तरे दिली आणि एकाला काहीच आठवले नाही. ‘उखळ’ सहा जणांना आठवले. ‘वैल’ ज्यांनी नीट ऐकले होते, त्या दोघांना ते पक्के आठवले. यावरून दिसते, की ‘घरची चव’ हे नाव ऐकताना कोणाला अडचण येत नाही, पण डोक्यात नावाऐवजी नुसता अर्थ शिल्लक राहतो आणि तो अर्थ बाजारातील दहा नावांना सारखाच लागू पडतो. असा ग्राहक पुढच्या खेपेला दुकानात जाऊन दुसऱ्याचेच पाकीट घेऊन येतो आणि आपण आपलेच घेतले असे त्याला प्रामाणिकपणे वाटते.

दोन दिवसांचे अंतर मी मुद्दाम सांगतो. दहा मिनिटांनी विचारले तर जवळजवळ प्रत्येक नाव आठवते आणि त्यातून काहीच कळत नाही.

नाव वाक्यात कसे वापरले जाते, हे तपासण्याची गरज आहे का?

मराठीत तर फारच आहे आणि याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. आपण नाव एकटे, पाटीवरच्यासारखे सुटे विचारात घेतो, पण ग्राहक ते विभक्ती लावून बोलतो. म्हणून चार-पाच जणांना पाकीट हातात देऊन सांगावे, “हेच पाकीट दुकानदाराकडे मागा,” आणि त्यांच्या तोंडचे वाक्य ऐकावे. ‘उखळ’च्या बाबतीत “उखळचा गोडा मसाला द्या” असे सहज येते, नाव शाबूत राहते. ‘घरची चव’च्या बाबतीत लोक “घरच्या चवीचा मसाला द्या” असे म्हणतात. येथे नाव पूर्णपणे वर्णनात विरघळले. दुकानदाराला ही मागणी एखाद्या ठरावीक पाकिटाची आहे हेच कळणार नाही आणि तो जे हाताशी असेल ते देईल.

दोन किंवा तीन शब्दांच्या नावांत, विशेषतः विशेषण आणि नाम अशा जोड्यांत, ही अडचण नेहमी येते. एका शब्दाचे नाव त्या मानाने सुरक्षित असते.

रोमन लिपीतील स्पेलिंग कसे ठरवावे?

आपण ठरवू नये, लोक काय टाइप करतात ते पाहावे. नाव तोंडी सांगून दहा-बारा जणांना म्हणावे, “हे इन्स्टाग्रामवर किंवा गूगलवर शोधा,” आणि त्यांनी शोधचौकटीत काय लिहिले त्याचा स्क्रीनशॉट मागवावा. ‘उखळ’साठी बहुतेक जण Ukhal लिहितील, काही Ookhal आणि काही Okhal. बहुसंख्यांनी लिहिलेले स्पेलिंग घ्यावे आणि तेच पाकीट, पाटी, फोनपेचे नाव आणि समाजमाध्यमावरील खाते या सर्वांवर ठेवावे. ‘वैल’साठी Vail, Vael, Wail अशी फाटाफूट होते आणि Wail या इंग्रजी शब्दाचा अर्थ आक्रोश करणे असा आहे.

‘ळ’ असलेल्या प्रत्येक नावाला ही अडचण थोडीफार राहणारच. रोमन अक्षरांवरून अमराठी ग्राहक ‘उखल’ म्हणणार, हे गृहीत धरावे. हिंदीत ‘ओखली’ हा जवळचाच शब्द असल्याने येथे अर्थ पोहोचतो. जिथे ‘ळ’चा ‘ल’ झाल्यावर वेगळाच शब्द तयार होतो, उदाहरणार्थ ‘काळा’चे ‘काला’, तिथे मात्र नीट विचार करावा.

ट्रेडमार्कचा शोध चाचणीच्या आधी घ्यावा की नंतर?

आधी. ज्या नावावर दुसऱ्याचा हक्क आहे, ते लोकांना कितीही आठवले तरी उपयोग नाही. भारताच्या ट्रेडमार्क नोंदवहीत सार्वजनिक शोध विनामूल्य घेता येतो. ipindia.gov.in या संकेतस्थळावरून तिथे जाता येते. मसाले, पिठे आणि मसाल्याच्या चटण्या वर्ग ३० मध्ये येतात आणि लोणची वर्ग २९ मध्ये, त्यामुळे दोन्ही वर्गांत पाहावे. नाव जसेच्या तसे शोधून थांबू नये. उच्चारसाम्यावर आधारलेला शोधही घ्यावा, कारण Ukhal नसले तरी Okhal नोंदलेले असू शकते आणि ट्रेडमार्क अधिनियम, १९९९च्या कलम ११ खाली सारख्या वाटणाऱ्या नावालाही हरकत घेतली जाते. नोंद न करता कोणी ते नाव वर्षानुवर्षे वापरत असेल, तर त्यालाही संरक्षण मिळू शकते. म्हणून गूगल, विक्रीची संकेतस्थळे आणि आपल्या तालुक्यातील दोन-तीन मोठी किराणा दुकाने हेही पाहून यावे.

त्याच अधिनियमाचे कलम ९ आपल्या उदाहरणाला थेट लागू होते. मालाचा प्रकार, गुण किंवा उगमस्थान एवढेच सांगणारे नाव सहसा नोंदले जात नाही. ‘घरची चव’ तिथेही अडखळेल. लोकांच्या आठवणीत जे नाव वेगळे उभे राहत नाही, ते कायद्याच्या नजरेतही बहुधा वेगळे उभे राहत नाही. ‘उखळ’ हे मसाल्याचे वर्णन नाही, पण कुटण्याशी त्याचा संबंध आहे, त्यामुळे त्याची बाजू अधिक बळकट आहे.

अर्ज केल्यावर नावापुढे ™ लिहिता येते. ® हे चिन्ह नोंदणी पूर्ण झाल्यावरच लावावे. नोंदणी नसताना ते लावणे बेकायदेशीर आहे.

नावात ‘शुद्ध’, ‘अस्सल’, ‘पारंपरिक’ असे शब्द असले तर चालते का?

चालते, पण लेबलावर त्याची किंमत मोजावी लागते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या जाहिरात व दावेविषयक नियमांनुसार, नावातील शुद्ध, ताजे, अस्सल, पारंपरिक अशा अर्थाच्या विशेषणामुळे ग्राहकाची दिशाभूल होण्याचा संभव असेल, तर हे केवळ ब्रँडचे नाव असून पदार्थाचे खरे स्वरूप दर्शवीत नाही, असा खुलासा किमान ३ मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत छापावा लागतो. शंभर ग्रॅमच्या लहान पाकिटावर आपणच असे वाक्य छापणे म्हणजे स्वतःच्या नावाखाली स्वतःच शंका लिहिण्यासारखे आहे. गावाचे किंवा जिल्ह्याचे नाव घेतानाही भौगोलिक निर्देशन पाहावे. कोल्हापूरचा गूळ, सांगलीची हळद, भिवापूरची मिरची यांना ते मिळालेले आहे आणि त्या भागाबाहेरच्या मालावर ती नावे लावता येत नाहीत.

खऱ्या ग्राहकांवर चाचणी कशी घ्यावी?

येथे थोडा खर्च आहे, पण तो एका छपाईच्या तुलनेत अगदी किरकोळ आहे. साधी, कोरी, उभी राहणारी पाकिटे घ्यावीत आणि त्यांवर स्टिकर लावावेत. शहरातील कोणताही डिजिटल छपाईवाला शंभर-दोनशे स्टिकर एका दिवसात करून देतो. फोनवरच्या चाचणीतून उरलेली दोनच नावे येथे घ्यावीत. मसाला एकाच घाण्याचा असावा, रंग, अक्षरांचा आकार आणि किंमत सारखी ठेवावी आणि फक्त नाव बदलावे. अन्नसुरक्षा परवान्याचा किंवा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक, घटक, वजन, किंमत, उत्पादनाची तारीख हा मजकूर चाचणीच्या पाकिटावरही पूर्ण हवा, कारण विक्री ही विक्रीच असते.

बचतगटांची प्रदर्शने आणि आठवडी बाजार या कामाला उत्तम असतात. एका आठवड्यात एक नाव आणि पुढच्या आठवड्यात त्याच जागी, त्याच वारी दुसरे नाव ठेवावे. किती पाकिटे गेली याकडे मी फारसे पाहत नाही, कारण पाऊस, पगाराचा आठवडा आणि शेजारचा स्टॉल यांमुळे विक्री इतकी वरखाली होते, की तेवढ्या थोड्या पाकिटांतून नावाचा प्रभाव वेगळा काढता येत नाही. पाहायचे ते असे: लोक थांबून नाव मोठ्याने वाचतात का, वाचताना अडखळतात का, सोबतच्या माणसाला काही सांगतात का. ‘उखळ’ वाचल्यावर एखाद्या आजीबाई “आमच्या दारात होतं दगडाचं” असे म्हणाल्या, तर ते शब्द वहीत लिहून घ्यावेत. आणि एखाद्या तरुणाने “हे भांड्यांचं दुकान आहे का?” असे विचारले, तर तेही तितक्याच निष्ठेने लिहावे.

दुसऱ्या प्रकारचा प्रश्न आला म्हणून नाव टाकून देण्याचे कारण नाही. पाकिटाच्या दर्शनी बाजूवर पदार्थाचे नाव असावेच लागते. ‘उखळ’च्या लगेच खाली ‘कांदा-लसूण मसाला’ ठळक छापले, की हा गोंधळ बहुधा संपतो. तसे केल्यावरही तोच प्रश्न येत राहिला, तर मात्र दोष नावात आहे.

खरेदी करणाऱ्यांपैकी जे राजीखुशीने मोबाइल क्रमांक देतील, त्यांना दहा-बारा दिवसांनी फोन करून मसाला कसा वाटला हे विचारावे आणि बोलता बोलता पाकिटावरचे नाव काय होते तेही विचारावे. मसाला आवडला आणि नाव मात्र आठवले नाही, हे उत्तर वारंवार आले तर छपाई थांबवावी.

अक्षरांचे वळण ठरल्यावर पुन्हा चाचणी घ्यावी लागते का?

होय, कारण तोंडी पास झालेले नाव कागदावर नापास होऊ शकते. ‘ख’ हे त्याचे ठळक उदाहरण आहे. काही नक्षीदार वळणांत ‘ख’चे दोन भाग खाली जोडलेले नसतात आणि तो ‘रव’ असा वाचला जातो. एका चटणीच्या लेबलावर मी स्वतः असे वळण निवडले होते. संगणकाच्या पडद्यावर ते मोठे आणि देखणे दिसत होते, पण बाटलीवर लहान झाल्यावर पहिल्याच ग्राहक बाईंनी नाव ‘र’ आणि ‘व’ सुटे करून वाचले आणि तीनशे लेबले बदलावी लागली. तेव्हापासून अंतिम नमुना खऱ्या आकारात, साध्या प्रिंटरवर, काळ्या-पांढऱ्यात छापून घेतो आणि ज्यांनी हे नाव कधीच ऐकलेले नाही अशा पाच जणांना हातभर अंतरावरून वाचायला देतो. पाचांपैकी एक जरी अडखळला, तरी वळण बदलतो. पाचांत एक अडखळणे म्हणजे शंभरात किती, याचा विचार करावा. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ या जोड्याही अशाच तपासाव्यात.

पाटीसाठी वेगळे काय पाहावे?

पाटी चालत्या माणसाने आणि दुचाकीवरून जाणाऱ्याने वाचायची असते. ए-४ कागदांवर एकेक अक्षर मोठे छापून, ते चिकटवून पूर्ण आकाराची कागदी पाटी तयार करावी आणि जिथे खरी पाटी लागणार तिथे दोन तास बांधावी. मग समोरच्या पदपथावरून आणि येत्या-जात्या गाडीवरून, एकदा भर दुपारी आणि एकदा दिवेलागणीला पाहावे. दर दहा फूट अंतरामागे सुमारे एक इंच अक्षराची उंची, हा पाटी करणाऱ्यांचा ढोबळ हिशेब आहे. देवनागरीत ही उंची मूळ अक्षराची मोजावी, वरखालच्या मात्रा, रफार आणि उकार त्यात धरू नयेत. ‘उखळ’ला मात्रा नाही, त्यामुळे तेवढ्याच पाटीवर त्याची अक्षरे ‘वैल’पेक्षा मोठी बसतात.

महाराष्ट्रात पाटीवरील नाव देवनागरी लिपीत, मराठीत असणे बंधनकारक आहे. २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर हे बंधन दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही लागू झाले आहे. मराठी मजकूर आधी हवा आणि त्याची अक्षरे अन्य भाषेतील अक्षरांपेक्षा लहान नकोत. त्यामुळे रोमन नाव मोठे आणि मराठी कोपऱ्यात, अशा नमुन्यावर चाचणी घेण्यात वेळ घालवू नये.

चाचण्यांचे निकाल एकमेकांशी जुळले नाहीत तर निर्णय कसा घ्यावा?

कोणत्या चाचणीत नापास झाल्यास नाव सोडायचे, हे चाचणी सुरू करण्यापूर्वीच कागदावर लिहून ठेवावे. नंतर ठरवले, तर आपण आपल्या लाडक्या नावाच्या बाजूने कारणे शोधतो. माझा क्रम असा असतो: नोंदवहीत अडथळा असेल तर नाव लगेच सोडायचे. फोनवर निम्म्याहून अधिक लोकांनी चुकीचे लिहिले तरीही सोडायचे. दोन दिवसांनी निम्म्यांना आठवले नाही, तर नाव राखीव यादीत ठेवायचे. स्पेलिंग, वळण आणि अर्थाचा गोंधळ हे दुरुस्त होण्यासारखे दोष आहेत, त्यांवरून नाव सोडायचे नाही. या क्रमाने ‘वैल’ फोनवर गळते, ‘घरची चव’ आठवणीच्या आणि वाक्याच्या चाचणीत मागे पडते आणि ‘उखळ’ उरते. आपल्याकडे भरभराट झाली की ‘उखळ पांढरे झाले’ म्हणतात, हा त्या नावाचा जास्तीचा लाभ, पण निवड त्यावर केलेली नाही.

सर्व चाचण्या झाल्यावर थेट छापील पाकिटांची ऑर्डर द्यावी का?

पहिले दोन-तीन महिने स्टिकरवरच काढावेत. छापील लॅमिनेटेड पाकिटांसाठी बहुधा ग्रॅव्हूर पद्धत वापरतात. तीत प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर कोरावा लागतो आणि माल किलोंच्या हिशेबाने, मोठ्या प्रमाणात घ्यावा लागतो. नावात एका वेलांटीचा बदल झाला, तरी त्या रंगाचा सिलिंडर पुन्हा कोरावा लागतो. ऑर्डर देण्यापूर्वी छपाईवाल्याकडून अंतिम प्रूफ मागवून घ्यावे आणि ते या कामाशी संबंध नसलेल्या एखाद्या व्यक्तीकडून, एकेक अक्षर बोट ठेवून, मोठ्याने वाचवून घ्यावे.